साच्यात मेण किती लागेल? पाण्याच्या मापावरून मेणाचं वजन काढताना

प्रश्न : "माझ्याकडे खाली निमुळता होत जाणारा अॅल्युमिनियमचा साचा आहे. तोंडाशी ८ सेंमी, तळाशी ६ सेंमी, भरायच्या खुणेपर्यंत उंची १० सेंमी. पाणी भरून बघितलं तर ३८८ मिली बसलं. कोणी सांगतं तेवढेच ग्रॅम मेण घ्या, कोणी सांगतं ०.९ ने गुणा. मी ३५० ग्रॅम पॅराफिन वितळवलं, तर साचा भरूनही पन्नासेक ग्रॅम उरलं. ते छोट्या दिव्यांमध्ये ओतून टाकलं. सकाळी बघते तर मेणबत्तीत बोटभर खड्डा! मग नक्की किती मेण घ्यायचं?"

तुमचा ३५० ग्रॅमचा आकडा बरोबर होता. चुकलं ते उरलेलं मेण दुसरीकडे ओतण्यात. ते उरलेलं नव्हतंच, त्याच मेणबत्तीच्या वाट्याचं होतं.

पातळ मेण आणि घट्ट मेण यांच्या घनतेत बराच फरक असतो. आपल्याकडे लादीत मिळणारं ५८-६० अंशांना वितळणारं पॅराफिन थंड आणि घट्ट असताना एका घन सेंटिमीटरला साधारण ०.९० ग्रॅम भरतं. तेच मेण ८० अंशांना पातळ असताना ०.७७ च्या आसपास भरतं. म्हणजे तेवढंच मेण गरम असताना जास्त जागा व्यापतं आणि थिजताना आकसतं. तुमच्या साच्यात ३८८ घन सेंमी जागा आहे. गरम मेणाने ती काठोकाठ भरायला ३८८ × ०.७७ म्हणजे जवळपास ३०० ग्रॅम पुरतात. ३५० मधून ३०० गेले, पन्नास भांड्यात राहिले. तुम्हाला दिसलं ते हेच. रात्रभरात ते ३०० ग्रॅम थिजून ३३० घन सेंमीच्या जवळ आले. साचा मात्र ३८८ चाच. कमी पडलेली जागा खड्डा होऊन वर आली.

म्हणून एका साच्यासाठी दोन आकडे काढायचे असतात. साच्याचं आकारमान गुणिले ०.९ हे एकूण मेण, आणि आकारमान गुणिले ०.७७ हे पहिल्यांदा ओतायचं मेण. दोन्हीतला फरक दुसऱ्यांदा ओतण्यासाठी राखून ठेवायचा. तुमच्या बाबतीत एकूण ३४९, पहिल्यांदा २९९, आणि राखीव ५०. "तेवढेच ग्रॅम" सांगणारे मेणाला पाण्याइतकं जड धरतात. त्यांच्या हिशोबाने दर मेणबत्तीमागे जवळपास ४० ग्रॅम मेण फुकट वितळवलं जातं. एका मेणबत्तीला ते चालून जाईल, पण पन्नास मेणबत्त्यांची ऑर्डर घेताना भाव चुकतो.

आता आकारमानाकडे वळू. तुम्ही पाण्याने मोजलंत ते उत्तम केलंत, कारण गणितानेही हेच उत्तर येतं. टोक कापलेल्या शंकूचं सूत्र असं :

```
V = π × h × (R² + R×r + r²) ÷ 3
```

R म्हणजे मोठ्या तोंडाची त्रिज्या, r लहान तळाची, h उंची. तुमच्या साच्यात R = ४, r = ३, h = १०. कंसातली बेरीज १६ + १२ + ९ म्हणजे ३७ येते, आणि उत्तर ३८७.५ घन सेंमी. पाण्याने ३८८ दाखवलं. यापेक्षा जास्त अचूक कोणाला लागत नाही.

बरेच जण इथे सोपा मार्ग म्हणून सरासरी व्यास घेतात आणि साधं नळकांडं समजून हिशोब करतात. तुमच्या साच्याला ते चालेल : ७ सेंमी व्यासाचं, १० सेंमी उंच नळकांडं ३८५ घन सेंमी होतं, तीन घन सेंमीच कमी. पण साचा जितका टोकदार, तितकी ही सवय महागात पडते. पूर्ण शंकू घ्या, तोंड ८ सेंमी, खोली १२ सेंमी. त्याचं खरं आकारमान २०१ घन सेंमी, आणि सरासरी व्यासाने येतं १५१. पाव भाग मेण कमी वितळवलं जातं, आणि ते लक्षात येतं साचा भरत आल्यावर. गोल साच्याला व्यासाचा घन करून ०.५२ ने गुणायचं, म्हणजे ७ सेंमीचा गोळा १८० घन सेंमीच्या जवळ. चौकोनी खांबाला लांबी, रुंदी, उंची. यापलीकडे सूत्रांच्या मागे लागू नका.

मी वसईत मेणबत्त्या करते. सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेसाठी नवसाचे मेणाचे हात, पाय, घरं लागतात, ती साच्यातच ओतावी लागतात. हाताच्या पंजाला कुठलं सूत्र लावणार? तिथे पाणीच मोजायचं. गुलाबाचे, शंखाचे, पिळाचे सिलिकॉन साचे असतील तरी तेच.

पाण्याने मोजण्यात दोन-तीन ठिकाणी हमखास चूक होते. वातीचं भोक आधी बुजवा, मुलांची खेळायची क्ले चालते, नाहीतर पाणी झिरपत राहतं आणि आकडा हलत राहतो. मोजपात्राने पाणी ओतून मिली वाचण्यापेक्षा रिकामा साचा वजनकाट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा आणि खुणेपर्यंत पाणी भरा. जितके ग्रॅम दिसतील तितके मिली. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा पुरतो. सिलिकॉनचा साचा भरल्यावर पोटातून फुगतो, म्हणून ओतताना जसे रबरबँड किंवा पुठ्ठ्याचा आधार लावता तसेच मोजतानाही लावा. प्लॅस्टरचा साचा पाणी पितो, त्याच्यात पाणी भरूच नका. त्यासाठी पहिली मेणबत्ती अंदाजाने ओतून तिचंच वजन करावं लागतं.

मोजून झालं की साचा पूर्ण कोरडा करा, शक्य असेल तर एक रात्र पंख्याखाली राहू द्या. कोपऱ्यात राहिलेला थेंब गरम मेणाखाली अडकून राहतो, बाजूला देवीच्या व्रणासारखे खड्डे पडतात, आणि वात ओली झाली तर ती जळताना तडतडते.

कुठल्या खुणेपर्यंत भरणार हेही आधी ठरवा. निमुळत्या साच्यात ही गोष्ट फार महत्त्वाची असते. तुमच्या साच्याच्या तोंडाशी एक सेंटिमीटर उंचीत ४९ घन सेंमी मेण मावतं, तळाशी तेवढ्याच उंचीत फक्त २९. तोंडाशी अर्ध्या सेंटिमीटरचा फरक पडला तरी २२ ग्रॅम इकडचे तिकडे होतात. पाणी एका खुणेपर्यंत भरायचं आणि मेण दुसऱ्या, असं झालं की लोक मेणाच्या घनतेला दोष देतात. मी साच्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने रेघ मारते आणि तिच्यापुढे कधी जात नाही.

आता ०.९ किती भरवशाचा? हे तुमच्या मेणावर आहे. पॅराफिनमध्ये स्टिअरिक अॅसिड मिसळलं असेल तर घनता किंचित वाढते, पण नेहमीच्या दहा टक्क्यांना हा फरक हिशोबात धरण्याइतका नसतो. मधमाश्यांचं मेण मात्र सरळ वेगळं धरा, ते ०.९६ च्या आसपास असतं आणि तुमच्या साच्याला ३४९ ऐवजी ३७२ ग्रॅम लागतील. सोयाचं मेण थंड झाल्यावर ०.९ च्या जवळच असतं, पण ते पॅराफिनपेक्षा बरंच कमी आकसतं. त्यामुळे पहिल्यांदा जास्त मेण बसतं आणि राखीव कमी लागतं.

दुकानदाराच्या सांगण्यावर विसंबायचं नसेल तर घरच्या घरी घनता काढता येते. दहा मिनिटांचं काम आहे, आणि मी नवीन लादी फोडली की दर वेळी करते. लादीचा एक भरीव तुकडा घ्या, आत पोकळी नको. त्याचं वजन करा, समजा ५४ ग्रॅम भरलं. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवा, काटा शून्यावर आणा. मेण पाण्यावर तरंगतं, म्हणून तुकड्याला शिवणाची सुई टोचून तो पूर्ण बुडेल एवढाच दाबून धरा. तुकडा भांड्याला टेकता कामा नये, बोटं पाण्यात जाता कामा नयेत. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितकं तुकड्याचं आकारमान घन सेंटिमीटरमध्ये. ६० दाखवलं तर ५४ भागिले ६०, म्हणजे ०.९०. बुडवलेला तुकडा स्वतःएवढं पाणी बाजूला सारतो आणि काट्याला तेवढंच पाणी वाढल्यासारखं वाटतं, एवढंच यामागचं कारण. पृष्ठभागावर बुडबुडे चिकटले असतील तर झटकून घ्या, ते आकारमान वाढवून दाखवतात.

गरम मेणाची घनता काढायची तर स्टीलच्या मापाच्या भांड्यात ओतायच्या तापमानाला बरोबर १०० मिली मेण घेऊन वजन करा. ७६-७७ ग्रॅम येईल. तापमान ७० असो की ८५, फरक एखाद्या टक्क्याचाच पडतो, त्यामुळे इथे जीव काढू नका. आकसण्याचा मोठा भाग मेण पातळाचं घट्ट होताना घडतो.

किसलेलं किंवा दाणेदार मेण मात्र कधीही वाटीने मोजू नका. "तीन वाट्या मेण" या मापाला काही अर्थ नाही, कारण दाण्यांच्या मध्ये हवा असते आणि दाणा बारीक की जाड यावर आकडा बदलतो. मेण नेहमी वजनानेच घ्यायचं.

प्रत्यक्ष काम करताना तुमच्या साच्यासाठी मी ३४९ वर पंधराएक ग्रॅम जास्त घेऊन ३६५ वितळवीन. भांड्याच्या कडेला, चमच्याला, थर्मामीटरला चिकटून तेवढं जातंच. हा वाढावा मेणबत्त्यांच्या संख्येने गुणायचा नसतो. एका मेणबत्तीला पंधरा ग्रॅम लागत असतील तर बारा मेणबत्त्यांना १८० लागत नाहीत, चाळीसेक पुरतात, कारण भांडं एकच असतं. बारा नगांना १२ × ३४९ म्हणजे ४१८८ ग्रॅम, वर ४० धरून सव्वाचार किलोच्या आत काम होतं.

सुगंध घालणार असाल तर तो याच वजनात बसवायचा, वरून वाढवायचा नाही. एकूण ३६५ ग्रॅम हवं आणि सुगंध मेणाच्या ६ टक्के, तर ३६५ भागिले १.०६, म्हणजे मेण ३४४ ग्रॅम आणि सुगंध २१ ग्रॅम. रंगाचं वजन सोडून द्या. पण सगळं मेण एकदमच वितळवून एकदमच रंगवा आणि मग राखीव भाग बाजूला काढा. नंतर वेगळे ५० ग्रॅम रंगवून तोच रंग साधणं जवळपास अशक्य असतं, मेणबत्तीच्या बुडाला पट्टा दिसतो. राखीव मेणाचं भांडं गरम पाण्यातच ठेवा, पुन्हा थेट गॅसवर चढवू नका.

आता राखीव ५० ग्रॅमचं काय करायचं? या आकाराच्या मेणबत्तीत पाऊण-एक तासाने वरती अर्धा सेंटिमीटर जाडीची साय धरते, मधला भाग अजून मऊ असतो. तेव्हा विणायच्या सुईने वातीच्या जवळ दोन-तीन भोकं पाडा, तळापासून दोनेक सेंमी वरपर्यंत खोल. सायीखाली पोकळी तयार होत असते, तिला हवेची वाट मिळते आणि खड्डा आतल्या आत लपत नाही. मग राखीव मेण पहिल्यापेक्षा चार-पाच अंश जास्त गरम करून हळूहळू ओता, म्हणजे ते आधीच्या मेणाला नीट धरतं. पहिल्या वेळी मेण जिथपर्यंत होतं, त्या रेषेच्या किंचित खाली थांबा. वर गेलात तर काय होतं ते सांगते : तोवर मेणबत्ती साच्याच्या भिंतीपासून केसभर सुटलेली असते, नवीन मेण त्या फटीत उतरतं, बाजूला पापुद्रे धरतात आणि मेणबत्ती साच्यात अडकून बसते. त्यामुळे दुसऱ्या वेळी सगळे ५० ग्रॅम जिरले नाहीत तर जबरदस्ती करू नका. थोडं थांबा, पुन्हा खळगा पडेल, तेव्हा उरलेलं घाला. मोठ्या खांबांना मी तीनदाही ओतते.

भिंतीपासून सुटण्याचा हिशोबावरही परिणाम होतो. तयार मेणबत्ती साच्यापेक्षा किंचित बारीक होते, व्यासात आणि उंचीत साधारण एक टक्का, म्हणजे आकारमानात तीनेक टक्के. म्हणून तुमची मेणबत्ती ३४९ ग्रॅमची न होता ३४० च्या जवळपास भरेल. हे नैसर्गिक आहे. ०.९ च्या हिशोबात तेवढी सूट आपोआप असते, म्हणून तो आकडा मला भरवशाचा वाटतो.

तयार मेणबत्तीचं वजन करायची सवय मला एका नुकसानीने लागली. बऱ्याच वर्षांपूर्वी एका चर्चसाठी जाड खांबाच्या बारा मेणबत्त्या केल्या होत्या. घाई होती. वरची साय सपाट दिसली, भोकं न पाडताच थोडं मेण ओतून बूड सारखं केलं आणि दिल्या. तिसऱ्या दिवशी निरोप आला : ज्योत मध्यावर पोहोचली की वितळलेलं मेण एकदम आत गायब होतं, वात उघडी पडते आणि भडकते. परत आलेल्यांपैकी एक मी उभी कापली. वातीभोवती अंगठा जाईल एवढी लांबट पोकळी होती, कडा खडबडीत, आतून साखरेसारखी दाणेदार. बाहेरून ती मेणबत्ती निर्दोष दिसत होती. सगळ्या बारा बदलून दिल्या, आणि मला सर्वांत जास्त लागलं ते हे की काट्यावर ठेवली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं.

तुमच्या साच्यातून निघालेली मेणबत्ती ३३५ ते ३४५ ग्रॅम भरली तर आतून भरीव आहे. ३१० भरली आणि वरून सपाट दिसते, तर ३० ग्रॅम कुठेतरी कमी आहेत, म्हणजे आत ३३ घन सेंमीची पोकळी दडलेली आहे. लिंबाएवढी जागा झाली ती. अशी मेणबत्ती मी विकत नाही, पुन्हा वितळवते. पहिली भरीव मेणबत्ती निघाली की तिचं वजन साच्यावर मार्करने लिहून ठेवा. पुढच्या वेळी पाणी नको, सूत्र नको, त्या वजनात भांड्याचा वाढावा मिळवला की झालं. माझ्या प्रत्येक साच्यावर दोन आकडे आहेत, वर एकूण मेण आणि खाली पहिल्यांदा ओतायचं.

काचेच्या ग्लासात मेणबत्ती करणाऱ्यांसाठी एकच फरक : तिथे खड्डा मेणबत्तीच्या तोंडावर येतो आणि दिसतो. साच्यात मात्र आपण उलटी ओततो. वरचं तोंड हे पुढे मेणबत्तीचं बूड होणार असतं, त्यामुळे खड्डा बुडात जातो.

म्हणूनच तुमची आत्ताची मेणबत्ती टाकून देऊ नका. ती साच्यातून बाहेर काढा, कारण साच्यातच भरलीत तर मेण कडेच्या फटीत उतरेल. बूड वर करून कपड्याच्या गुंडाळीत उभी ठेवा. हेअर ड्रायरने खड्ड्याची आतली बाजू ओलसर चमकेपर्यंत गरम करा, नाहीतर नवीन मेण थंड मेणाला धरत नाही आणि नंतर वाटीसारखं सुटून येतं. मग ८५ अंशांचं मेण दोन वेळा करून ओता, आधी तीसेक ग्रॅम, आणि ते थिजून खळगा पडला की उरलेलं. एकूण ४० ते ४५ ग्रॅम जिरायला हवेत. दोन-चार ग्रॅम वर राहिले आणि बूड डुगडुगायला लागलं, तर जुना तवा मंद गरम करून बूड त्यावर दोन सेकंद टेकवा आणि लगेच उचला.